'पहा चोहे': तोंडात अदलाबदल नक्की कशाची होते?

रेवाकाठी
रविवारी पाहुणे आले होते. स्वयंपाकघरातून मी मोठ्याने विचारलं, "पहा चोहे चालतील ना?" दोन सेकंद कोणी काही बोललं नाही, मग बैठकीच्या खोलीत एकच हशा. दिवसभर मला "चोहे झाले का?" ऐकावं लागलं.

नवरा म्हणाला, घाईत अक्षरं उलटसुलट झाली. मलाही तेच वाटलं. रात्री ओटा पुसताना मात्र डोक्यात आलं की अक्षरं उलटसुलट झालीच नाहीत. 'चहा पोहे' मधलं पहिलं अक्षर 'च' आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर 'पो'. ही दोन अक्षरं जागा बदलती तर मी 'पोहा चहे' म्हटलं असतं. मी म्हटलं 'पहा चोहे'. म्हणजे 'पो'वरची ओची मात्रा जागची हलली नाही, तिच्याखालून नुसता प् निघून गेला आणि त्या जागी च् येऊन बसला.

आता हे पाय मोडलेले च् आणि प् मी आयुष्यात कधी सुटे बोललेले नाहीत. आपण बाराखडी शिकतो. क, का, कि, की. सुटा क् फक्त व्याकरणाच्या पुस्तकात भेटतो. मग जे मी कधी सुटं बोलत नाही ते माझ्या तोंडात सुटं होऊन इकडून तिकडे गेलं कसं? की तसलं काही आत नसतंच आणि हा निव्वळ योगायोग?

दुसरा नमुना सासूबाईंचा. गेल्या महिन्यात म्हणाल्या, "बात घरम कर गं." म्हणायचं होतं 'भात गरम'. इथे तर च् आणि प् सारखंही झालं नाही. तसं असतं तर 'गात भरम' झालं असतं. मग इथे काय पळालं?

तुमचे नमुने द्या. मात्र नक्की काय म्हणायचं होतं आणि नक्की काय निघालं, दोन्ही लिहा. 'आमच्याकडे पण खूप गमती होतात' एवढंच नको.

तिरकस
आमच्याकडे जीभ घसरली की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, 'माझ्या विधानाचा विपर्यास केला.' चोह्यांबद्दल असा खुलासा आला का?

रेवाकाठी
आला. पोहेच केले.

नाना_सातारकर
रेवाताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. क ख ग घ ङ, प फ ब भ म. उभं वाचलंत तर स्थान बदलतं, आडवं वाचलंत तर अघोष, घोष, अल्पप्राण, महाप्राण. हा तक्ता आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. वर्ण आणि त्यांचे गुण खरे आहेत हे तेव्हाच सिद्ध झालं. सासूबाईंच्या तोंडी भ चा महाप्राण, म्हणजे त्यातला ह सारखा श्वास, ग वर गेला, इतकं सोपं आहे. पाश्चात्यांना हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

गार्गी_एन्जे
माझा प्रश्न थोडा वेगळा. माझा मुलगा ६ वर्षांचा, इथे अमेरिकेतच जन्मलेला. तो नेहमी 'बात' म्हणतो, 'गोडा' (घोडा) म्हणतो. हे पण त्यातलंच का? काळजी करू का?

कानोसा
गार्गी, ते वेगळं. रेवाकाठींच्या सासूबाईंना 'भात' येतो, हजार वेळा बरोबर म्हणतात, एकदा चुकलं. तुमचा मुलगा दर वेळी 'बात' म्हणतो, कारण दिवसभर त्याच्या कानावर जी इंग्रजी आहे तिच्यात ब आणि भ हा भेदच नाही. ती चूक नाही, त्याची सध्याची व्यवस्था आहे. ओळखायची खूण साधी: चुकणारा माणूस चुकल्यावर स्वतःच थबकतो किंवा हसतो. मुलगा थबकत नाही. आणि बघा, त्याच्या 'बात'मधून निघालेला महाप्राण पुढच्या कुठल्या शब्दावर जाऊन बसत नाही. काळजीचं म्हणाल तर आजी-आजोबांशी रोज बोलू द्या.

नाना, तक्ता अप्रतिम आहे, वाद नाही. पण तो तक्ता आवाज तोंडात कुठे आणि कसा तयार होतो हे सांगतो. रेवाकाठींचा प्रश्न असा आहे की बोलणाऱ्याच्या डोक्यात, वाक्य जुळवताना, ते कप्पे वापरले जातात का. नकाशा बरोबर असला म्हणून टॅक्सीवाला तोच नकाशा बघून गाडी चालवतो असं होत नाही. चुका उपयोगी पडतात त्या इथे, कारण चुकताना माणूस काही ठरवून करत नाही. जे तुकडे सुटे असतील तेच सुटे होऊन पडतील.

(मी भाषाविज्ञान शिकवते. गेली काही वर्षं माझ्या पर्समध्ये चुका टिपायची वही असते. घरचे माझ्यासमोर जपून बोलतात.)

अवलिया
चुका योगायोगाने होत नाहीत हे फ्रॉइडने सांगून ठेवलंय. मनात दडपलेलं तोंडातून येतं. रेवाकाठींना मनातून पाहुण्यांना 'पहा' म्हणायचं असेल, 'पहा, किती राबतेय मी!'

रेवाकाठी
हे मात्र शंभर टक्के खरं आहे. :)

कानोसा
अवलिया, हा वाद तेव्हाच झाला होता. व्हिएन्नात रुडॉल्फ मेरिंगर नावाचे भाषेचे प्राध्यापक होते. कार्ल मायर या मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्यांनी १८९५ मध्ये अशा चुकांचं जाडजूड पुस्तक काढलं. फ्रॉइडने १९०१ मध्ये आपलं मत मांडताना त्यांचेच नमुने घेतले. मेरिंगर यांचं म्हणणं होतं की मनात काय दडलंय ते राहू दे, आधी आवाज कुठून कुठे जातात ते बघा, त्याला नियम आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा आवाज दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीलाच जातो, शेवटाला जात नाही.

समजा रेवाकाठींना खरंच 'पहा' म्हणायचं होतं. मग 'चोहे' कुठून आलं? त्यात कुठली सुप्त इच्छा? 'पहा' म्हटल्यावर प् वापरला गेला, च् हातात उरला, तो पोह्यांच्या रिकाम्या जागेत गेला. याचा हिशोब दडपलेल्या भावनेने लागत नाही.

फ्रॉइड अगदीच खोटा मात्र म्हणणार नाही. चुकीतून खरा शब्द बनत असेल तर ती चूक जास्त वेळा निसटते. १९७५ मध्ये बार्स, मॉटली आणि मॅके यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम चुका करवून घेतल्या. पडद्यावर शब्दांच्या जोड्या झरझर दाखवायच्या, सगळ्यांची सुरुवात ब-ड, ब-ड अशी. मग अचानक ड-ब ची जोडी आणायची आणि ती मोठ्याने म्हणायला लावायची. 'डार्न बोअर' असेल तर लोक 'बार्न डोअर' म्हणून जात, कारण दोन्ही खरे शब्द. अदलाबदलीने अर्थहीन शब्द होणार असतील तर चूक बरीच कमी होई. 'पहा' हा खरा शब्द आहे, त्याने दार थोडं उघडलं असेल.

पोपटराव
ऑक्सफर्डचे एक पाद्री होते ना, स्पूनर? राणीला 'डिअर ओल्ड क्वीन' ऐवजी 'क्विअर ओल्ड डीन' म्हणाले ते. त्यांचा तर हा धंदाच होता.

कानोसा
विल्यम स्पूनर, न्यू कॉलेजचे प्रमुख. त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनी रचलेले आहेत. म्हणून ते माझ्या वहीत नाहीत. रचलेली चूक फार नीटनेटकी असते, दोन्हीकडे अर्थ निघतो. खऱ्या चुकीत अर्धा भाग 'चोहे' असतो.

माळरान
मला हे 'सुटं व्यंजन' पटत नाही. लहानपणी आम्ही च ची भाषा बोलायचो. 'काय' चं 'चयका', 'मला' चं 'चलाम', 'करतोस' चं 'चरतोसक'. बघा, त्यात 'का' अख्खा उचलून शेवटी ठेवतो, मात्रेसकट. कोणी 'क्' वेगळा काढून 'आ' मागे ठेवत नाही. मराठी माणसाच्या डोक्यात अक्षर आहे, व्यंजन नाही. इंग्रजीत सुटी अक्षरं लिहितात म्हणून त्यांना सुटे आवाज सापडतात.

रेवाकाठी
माळरान, हा मुद्दा भारी आहे. पण मग माझं 'पोहा चहे' का नाही झालं?

माळरान
कारण तुम्ही एकट्या आहात. :) एका नमुन्यावर सिद्धांत नको.

शिल्पा_कुडाळ
घ्या अजून. आमचा चुलता लग्नात म्हणाला, "केळीचं पान" ऐवजी "पेळीचं कान". अक्षरं बदलली असती तर 'पाळीचं केन'. आम्ही अजून त्याला पेळी म्हणतो.
आणि मी स्वतः: 'डोकं दुखतंय' चं 'दोकं डुखतंय'.

विन्या
'रिक्षा लवकर' चं 'लिक्षा रवकर'. स्टँडवर. रिक्षावाल्याने वळूनही पाहिलं नाही, 'बसा' म्हणाला.

कानोसा
तिन्ही वहीत घेतले. तिन्हींत मात्रा जागेवर आहेत. माझ्याकडच्या मराठी नमुन्यांत मात्रेसकट अख्खं अक्षर गेल्याचे नमुने आहेत, पण थोडे. अर्थात माझी वही म्हणजे काही जनगणना नव्हे.

माळरान, च ची भाषा आणि चूक यांत मोठा फरक आहे. खेळ आपण जाणूनबुजून खेळतो, आणि जाणूनबुजून जे हाताला लागतं ते अक्षर, कारण शाळेत तेच गिरवलंय. चूक आपण करत नाही, ती होते. तरी तुमची शंका निराधार नाही. मँडरिन चिनी बोलणाऱ्यांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं की तिथे बोलण्याची पहिली जुळवाजुळव अख्ख्या उच्चारखंडापासून होते, सुट्या आवाजापासून नाही. म्हणजे एकक कोणतं हे सगळ्या भाषांत सारखं असेलच असं नाही. पण त्याचं कारण लिपी नव्हे. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांच्या तोंडून मी 'केर काढू' चं नाही, पण 'भांडी घासून' चं 'घांडी भासून' ऐकलंय.

तिरकस
'केर काढू' मध्ये दोन्हीकडे क आहे ताई, तिथे काय बदलणार?

कानोसा
हाहा. बरोबर. म्हणूनच ऐकलं नाही.

नाना_सातारकर
'घांडी भासून' मध्ये घ आणि भ दोघेही महाप्राण घेऊनच फिरले. सासूबाईंच्या वाक्यात फक्त महाप्राण फिरला. म्हणजे दोन्ही प्रकार होतात. मग वर्णही खरा, गुणही खरा. माझं पहिलं म्हणणं चुकलं कुठे?

कानोसा
नाना, आता खऱ्या प्रश्नावर आलात. गुण सुटा होतो का, हे तपासायला नमुना निवडून घ्यावा लागतो.

'काळी गाय' घ्या. चुकून 'गाळी काय' झालं तर काय फिरलं? अख्खे क् आणि ग् फिरले असं म्हणा, किंवा नुसता घोषपणा, म्हणजे गळ्यातला कंप, एकाकडून दुसऱ्याकडे गेला असं म्हणा. निकाल सारखाच, कारण क आणि ग मध्ये तेवढाच फरक आहे. असा नमुना साक्षीला निरुपयोगी. वर शिल्पाताईंचं 'दोकं डुखतंय' पण असंच, ड आणि द यांत फक्त जिभेच्या जागेचा फरक.

आता 'कडू बदाम' घ्या. क आणि ब यांत दोन फरक आहेत: जागा वेगळी आणि घोष वेगळा. अख्खे वर्ण फिरले तर 'बडू कदाम'. नुसता घोष फिरला, जागा तशाच राहिल्या, तर 'गडू पदाम'. आता ओठांवर कुठलं येतं ते बघितलं की उत्तर मिळतं. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ मध्ये याच वळणाचा एक इंग्रजी नमुना दिला तो प्रसिद्ध झाला: 'क्लिअर ब्लू स्काय' ऐवजी 'ग्लिअर प्लू स्काय'. मूळ वाक्यात ग नाही, प नाही. कुठूनही उसने आणलेले नाहीत. फक्त घोष ब मधून निघून क वर गेला.

सासूबाईंचं 'बात घरम' त्याच जातीचं आहे. मूळ वाक्यात ना ब, ना घ.

पण. शॅटक-हफनागेल आणि क्लॅट यांनी १९७९ मध्ये आपल्या संग्रहातून 'कडू बदाम' सारख्या, म्हणजे दोन्हींपैकी कुठलं ते कळेल अशा अदलाबदली वेगळ्या काढल्या. 'गडू पदाम' प्रकारच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. जवळजवळ सगळ्या 'बडू कदाम'. म्हणजे 'ग्लिअर प्लू' प्रसिद्ध झालं ते दुर्मीळ म्हणून.

अवलिया
मग गुण खोटे?

कानोसा
नाही. ते दुसऱ्या वाटेने दिसतात. कोण कोणाशी जागा बदलतं ते बघा. विन्याचे र-ल, शिल्पाताईंचे ड-द, क-प. सारखे असणारेच एकमेकांत मिसळतात. म आणि ख ची अदलाबदल क्वचित सापडते. हे सारखेपण कशात मोजायचं? त्या गुणांतच. म्हणजे गुण सुटे होऊन पडत नाहीत फारसे, पण कोण कोणाच्या शेजारी राहतो हे त्यांनीच ठरवलेलं दिसतं.

पाणिनीचा_पोस्टमन
नाना, महाप्राण उडी मारतो याला घरचा पुरावा आहे. बुध् धातूचं भविष्यकाळी रूप 'भोत्स्यते'. शेवटच्या ध् चा महाप्राण पुढच्या स् मुळे गेला, आणि सुरुवातीच्या ब चा भ झाला. अष्टाध्यायीत ८.२.३७, 'एकाचो बशो भष्…'. पाणिनी तिथे ब, ग, ड, द अशी यादी देत नाही, 'बश्' म्हणतो, आणि त्यांच्या जागी 'भष्'. एका झटक्यात सगळे महाप्राण. आणि भगिनीची 'बहीण' झाली ती पण तशीच: भ चा ब झाला आणि ह पुढे गेला.

नाना_सातारकर
वा! हे मी म्हणणारच होतो.

माळरान
पण ही चूक नव्हे ना. 'भोत्स्यते' हा नियम आहे, 'बहीण' हा हजारो वर्षांचा बदल. एका बाईंच्या तोंडातली एका क्षणाची घसरगुंडी आणि हे एकाच पोत्यात घालू नका.

आणि 'बहीण' नेच एक शंका आली. पोस्टमन म्हणतात 'ह पुढे गेला'. मग भ म्हणजे ब् + ह् असे दोन वर्णच का नाहीत? रोमन लिपीत लिहिताना आपण तेच करतो. आपणही म्ह, न्ह, ल्ह जोडाक्षर म्हणूनच लिहितो. तसं धरलं तर सासूबाईंच्या वाक्यात कुठला गुणबिण हलला नाही, ह् नावाचा एक आख्खा वर्ण 'भात' मधून निघून 'गरम' मध्ये शिरला. तुमचा एकुलता एक मराठी पुरावा गेला.

कानोसा
माळरान, यावर माझ्याकडे शेवटचा शब्द नाही. शंका जुनी आहे आणि चांगली आहे. भ ला एक वर्ण मानायच्या बाजूने एवढं सांगता येईल की 'घांडी भासून' मध्ये ब् आणि ह् एकत्र गेले. 'स्टेशन मास्तर' मधला स्ट कधी एकत्र जातो, कधी फुटतो, म्हणजे एकत्र जाण्याने काही सिद्ध होत नाही असं तुम्ही म्हणाल, आणि तेही खरं. घोषाचा नमुना मिळाला तर हा वाद मिटेल, कारण घोषाला कोणी सुटा वर्ण म्हणू शकणार नाही. पण तसा मराठी नमुना माझ्या वहीत अजून एकही खात्रीचा नाही.

शिल्पा_कुडाळ
अवांतर: शब्दच्या शब्द बदलले तर? आई म्हणाली, "पोळीत डबा ठेवलाय." डब्यात पोळी ठेवलीय, असं म्हणायचं होतं.

कानोसा
शिल्पाताई, अवांतर नाही, हे सोनं आहे. बघा आईने काय काय बरोबर केलं. 'त' आपल्या जागी राहिला, शब्द तेवढे बदलले. 'डब्या' चं रूप 'डबा' झालं, 'डब्या ठेवलाय' नाही. आणि क्रियापद 'ठेवलीय' चं 'ठेवलाय' झालं, डब्याशी जुळवून. म्हणजे शब्द चुकीच्या खुर्चीत बसले तेव्हा सामान्यरूप आणि क्रियापदाचं लिंग अजून ठरायचं होतं. आवाजांची चूक याच्या पुढच्या टप्प्यावर होते.

रेवाकाठी
यावरून एक विचारू? माझ्या 'चोहे' मधला च कुठला होता? आमच्याकडे चहातला च 'चार' मधला. पण ओच्या आधी आपण सहसा 'चोर' मधला च म्हणतो. प् च्या जागी जो च् आला तो चहाचा तसाच आला असेल तर 'च्योहे' सारखं ऐकू यायला हवं. नव्या जागेला जुळवून घेतला असेल तर 'चोर' सारखा.

कानोसा
हा प्रश्न माझ्या डोक्यात का नाही आला! फ्रॉमकिन यांच्याकडे याचा इंग्रजी जुळा आहे: चुकीनंतर पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर त्याआधीचं 'अ' आपोआप 'अॅन' होतं. तुम्हाला आठवतंय का कुठला होता?

रेवाकाठी
नाही. नवरा म्हणतो चोरातला, नणंद म्हणते चारातला.

ध्वनिमुद्रक
मी रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करतो, भाषाविज्ञान माझा विषय नाही. पण नवरा आणि नणंद यांच्या कानावर इतकं बांधकाम? निवेदकाची चूक कापताना मी तरंगाकृती पाहतो. ऐकताना स्पष्ट 'प' वाटतो, आणि चित्रात तो प्रकार धड प नाही धड क नाही असा दिसतो. कान गोल करून घेतो. तुमच्या सगळ्या वह्या कानाने भरल्या आहेत ना?

कानोसा
सगळ्या. आणि हा या विषयाचा दुखरा भाग आहे. ऐकणारा चुकीला जवळच्या ओळखीच्या वर्णात बसवतो, अर्धवट चुका टिपल्याच जात नाहीत. मग वही बघून 'चुकांत नेहमी अख्खे वर्णच फिरतात' म्हणणं म्हणजे मोठ्या भोकांची चाळण वापरून 'बारीक रवा नसतोच' म्हणणं.

२००७ मध्ये गोल्डस्टीन, पुप्लिए आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या जिभेवर बारीक संवेदक चिकटवून त्यांना ठेक्यावर 'कॉप टॉप, कॉप टॉप' म्हणायला लावलं. ट म्हणताना जिभेचं टोक वर जातं, क म्हणताना मागचा भाग. चुकताना अनेकदा एकाच्या जागी दुसरं आलं नाही, दोन्ही एकदम वर गेले. टोकही, मागचा भागही, कधी पूर्ण, कधी अर्धवट. इंग्रजीत नसलेला आवाज, पण ऐकणाऱ्याला बऱ्याचदा सरळ ट किंवा क वाटतो. त्यांचं म्हणणं, इथे वर्णांची अदलाबदल नाही, दोन हालचाली एका ठेक्यात अडकल्या.

नाना_सातारकर
म्हणजे वर्ण नाहीच?

कानोसा
एवढं पुढे मी जाणार नाही. २००६ मध्ये गोल्डरिक आणि ब्लमस्टीन यांनी क चा ग झाल्याच्या चुका मोजल्या. तो ग नेहमीच्या ग पेक्षा किंचित क कडे झुकलेला निघाला. म्हणजे मूळ क ची सावली उरते. तुम्ही म्हणू शकता, आत वर्णच निवडला जातो, चुकीचा आणि बरोबर दोन्ही थोडेथोडे जागे होतात, आणि ती ओढाताण तोंडापर्यंत झिरपते. माझा कल तिकडे आहे. आणि शिवाय 'कॉप टॉप' चा ठेका म्हणजे कवायत. रेवाकाठींनी 'पहा चोहे' एकदाच म्हटलं, ठेका नव्हता, शब्द वेगळे होते, आणि ओची मात्रा हलली नाही. नुसत्या जिभेच्या हालचाली अडकल्या म्हणून हे होत नाही. प तर जिभेचा नाहीच, ओठांचा.

माळरान
ही ओठांची गोष्ट मान्य. अक्षराचा हट्ट मी अर्धा मागे घेतो. अर्धाच.

विन्या
मी टायपिंगमध्ये 'आहे' चं 'आहै' करतो नेहमी. हे कुठल्या खात्यात?

तिरकस
कीबोर्डच्या.

ध्वनिमुद्रक
रेवाताई, एक करता येईल. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून 'चहा पोहे, पोहे चहा' असं भरभर वीस वेळा म्हणा. त्यातला 'चोहे' मला पाठवा. च मध्ये जी फुसफुस असते ती 'चोर' मध्ये वरच्या पट्टीत असते, 'चार' मध्ये थोडी खाली. आलेखात फरक दिसतो.

रेवाकाठी
(चार दिवसांनी)
केलं. वीस नाही, साठ वेळा. दूध उतू गेलं ते वेगळं. एकदाही 'पहा चोहे' नाही आलं. 'पहा पोहे' तीनदा, 'चहा चोहे' दोनदा. म्हणजे अदलाबदल नाही, नुसती एकाने दुसऱ्याची जागा बळकावली. ते चालेल का?

कानोसा
धावेल. अदलाबदलीपेक्षा तेच जास्त वेळा होतं. फक्त हे कवायतीतलं आहे हे विसरायचं नाही.

ध्वनिमुद्रक
फाइल मिळाली. पहिल्या 'चोहे' मधली फुसफुस स्पष्ट वर आहे, चोरातला च. दुसरा मधेच आहे. रेवाताईंचा साधा 'चहा' आणि साधा 'चोर' मुद्रित करून मिळाला तर तुलना करता येईल, नाहीतर 'मधेच' म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. आमच्या कार्यालयात पाच जणांना दुसरा नुसता ऐकवला. तीन म्हणाले चार, दोन म्हणाले चोर.

रेवाकाठी
आज रात्री मुद्रित करते. सासूबाईंनाही बसवते, 'भात गरम' म्हणायला. त्या म्हणाल्या, मी असं कधी म्हटलंच नव्हतं.